एम.एस्सी. नर्सिंगसाठी राजीनामा द्यायचा आहे, पत्राचा मसुदा तपासून हवा

आयसीयू_सिस्टर
मी बी.एस्सी. नर्सिंग केलंय. सांगलीच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूला सव्वादोन वर्षं स्टाफ नर्स आहे. एम.एस्सी.ची सीईटी दिली, मेरिट लिस्टमध्ये नाव चांगलं वर आहे, पण कॉलेज अजून मिळालेलं नाही. कोर्स पूर्णवेळ आहे, त्यामुळे नोकरी सोडावीच लागेल. दोन वर्षांचा बॉंड संपलाय. अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक महिन्याची नोटीस लिहिली आहे. बी.एस्सी.च्या ओरिजिनल मार्कशीट रुजू होताना एचआरने ठेवून घेतल्या, त्याची पोच माझ्याकडे नाही. खरी काळजी त्याचीच आहे.

पत्र असं लिहिलंय:

"माननीय मेट्रन मॅडम, मला उच्च शिक्षण घेण्याची इच्छा असून प्रवेश निश्चित झाल्यास मी नोकरी सोडू इच्छिते. तरी माझा राजीनामा मंजूर करावा ही नम्र विनंती."

असं चालेल का? आणि कधी देऊ?

दत्ता_लातूर
ताई, राजीनामा कशाला देताय? अध्ययन रजा घ्या. आमच्या वहिनी सिव्हिलला आहेत, त्यांना मिळाली.

आयसीयू_सिस्टर
दादा, त्या सरकारी आहेत. आमच्याकडे आजारपणाची रजासुद्धा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय मिळत नाही.

प्रवीण_एचआर
एक महिन्याचा पगार भरला की त्याच दिवशी सुटता येतं. पत्र कसंही लिहा, फरक पडत नाही.

निवृत्त_मेट्रन
प्रवीण, पगार भरून सुटता येतं ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये तसं कलम असेल तर. काही ठिकाणी "हॉस्पिटलच्या संमतीने" असे शब्द असतात, मग संमती लागते. सिस्टर, आधी ते कलम शब्दन्‌शब्द वाच.

तुझ्या मसुद्यात "निश्चित झाल्यास" आणि "सोडू इच्छिते" हे दोन शब्द घातक आहेत. मी वीस वर्षं अशी पत्रं हातात घेतली. तारीख नसलेलं पत्र टेबलावर पडून राहतं. चौथ्या आठवड्यात मुलगी विचारायला आली की प्रशासन म्हणतं, "तुम्ही फक्त इच्छा कळवली होती, नोटीस दिली नव्हती." मग महिना पुन्हा पहिल्यापासून मोजतात. पत्र असं कर:

"मी दिनांक ५ जुलै रोजी स्टाफ नर्स (आयसीयू) या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील अटीनुसार ही ३० दिवसांची नोटीस समजावी. माझा कामाचा शेवटचा दिवस ४ ऑगस्ट असेल. मी एम.एस्सी. नर्सिंगच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी नोकरी सोडत आहे. आपल्याकडे जमा असलेली माझी मूळ कागदपत्रे (सोबतच्या यादीप्रमाणे) परत मिळावीत. शेवटच्या दिवशी रिलिव्हिंग लेटर व अनुभवाचा दाखला मिळावा."

५ तारखेला दिलं तर दिवस ६ पासून मोज, म्हणजे तिसावा ४ ऑगस्टला येतो. दोन प्रती घेऊन जा. एकीवर शिक्का, सही आणि तारीख घे. इन्चार्ज सिस्टरला तोंडी सांगितलेलं कुठेच मोजलं जात नाही. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र त्याच दिवशी एचआरला ईमेल कर.

पत्र देण्याआधी मात्र अनुभवाचा दाखला मागून घे. एम.एस्सी.ला बी.एस्सी.नंतरचा एक वर्षाचा अनुभव दाखवावा लागतो. आता मागितलास तर "आजतागायत कार्यरत" असा दाखला सहज मिळतो. राजीनाम्यानंतर त्याला नो-ड्यूज लावतात.

रेश्मा_पी
माझ्या मार्कशीट अडकल्या होत्या. रिपोर्टिंगला तीन दिवस उरले आणि एचआर म्हणे साहेब रजेवर आहेत. तिसऱ्या दिवशी दुपारी मिळाल्या, कॉलेजला पोचेपर्यंत काउंटर बंद झालं होतं. माझी ती फेरी गेली. तू मार्कशीट आजच माग. "कागदपत्र पडताळणी आहे" एवढंच सांग, ते खोटं नाही.

आयसीयू_सिस्टर
मॅडम, आज ओरिजिनलसाठी अर्ज दिला, शिक्क्यासकट प्रत मिळाली. अनुभवाचा दाखला शुक्रवारी देतो म्हणाले. अडचण एकच. आता नोटीस दिली आणि कॉलेज मिळालं नाही तर हातची नोकरी जाते. कॉलेज मिळेपर्यंत थांबले तर रिपोर्टिंगला मोजकेच दिवस, नोटीस तीसची.

निवृत्त_मेट्रन
याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही, बाळ. मागच्या वर्षी शेवटच्या प्रवेशाचा मेरिट क्रमांक किती होता ते बघ. तुझा त्याच्या बराच वर असेल तर आत्ताच दे. काठावर असशील तर थांब, आणि कमी पडलेल्या दिवसांचा पगार बाजूला काढून ठेव.

प्रवीण_एचआर
शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करतात का तेही विचारा. आमच्याकडे करतात, सगळीकडे नाही.

आयसीयू_सिस्टर
माझ्या अकरा रजा शिल्लक आहेत. उद्या नाईट संपली की विचारते आणि इथे कळवते.