फॉलोअर विकत घेतले म्हणून खातं बांधून ठेवायचं?

रेघोट्या: माझं इन्स्टाग्रामवर चित्रांचं खातं आहे. साडेतीन हजार फॉलोअर होते, वर दहा हजार विकत घेतले. लाइक-कमेंटची देवाणघेवाण करणाऱ्या एका टेलिग्राम ग्रुपमध्येही गेले. आता कुणाला लाइक द्यायला गेलं की Try Again Later येतं, आणि पोस्ट फॉलोअरांच्या बाहेर कुणाला दिसतच नाहीत. सगळेच हे करतात. मी कुणाचं काय वाकडं केलं? ग्रुपमधली माणसं तर खरी आहेत! नवं खातं काढू का?

आडवाट: ‘कुणाचं काय वाकडं केलं’ हे वाचून राहवलं नाही. दुसऱ्यांची खाती सांभाळणं हेच माझं काम आहे आणि ही तक्रार सतत ऐकतो. वाकडं झालं ते आधी तुमचंच. साडेतीन हजारांत दोनशे लाइक पडत असतील तर ते सहा टक्क्यांच्या आसपास होतात. तेच दोनशे साडेतेरा हजारांत दीड टक्का. चित्र तेच, माणसं तीच, पण बघणाऱ्याला खातं मेलेलं वाटतं.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत. Try Again Later ही तात्पुरती अडवणूक आहे, बहुधा आपणहून सुटते. बाहेरच्यांना पोस्ट न दिसणं हे वेगळं प्रकरण. सेटिंग्जमध्ये Account Status उघडा. तुमचं खातं फॉलो न करणाऱ्यांना सुचवलं जातंय की नाही, ते तिथे कळतं.

माणसं खरी असली म्हणून लाइक खरा होत नाही. लिंक पडली की तीच ठरावीक नावं काही मिनिटांत येतात, दोन शब्द टाकतात आणि निघून जातात. तुम्हीही त्यांच्याकडे तसंच करता. एरवी तुमच्या प्रोफाइलवर कुणी फिरकत नाही. सगळ्यांनी सगळ्यांना लाइक देणारं असं जाळं नोंदींत उठून दिसतं, त्यासाठी कुणाला पकडायला बसावं लागत नाही.

तिसरी_घंटा: मग पैसे देऊन पोस्ट बूस्ट करणं काय वेगळं? तिथेही पैसे टाकूनच लाइक येतात. त्यांच्या गल्ल्यात गेले की चालतात, दुसऱ्याच्या गेले की गुन्हा!

आडवाट: बूस्टमध्ये पोस्ट दाखवण्याचे पैसे जातात आणि तिच्यावर प्रायोजित असल्याचं लिहिलेलं असतं. लाइक द्यायचा की नाही ते बघणारा ठरवतो. विकतच्या फॉलोअरात तो निर्णयच विकत घेतलेला असतो.

तिसरी_घंटा: बघणारा ठरवतो म्हणे. बूस्टनंतर माझ्याकडेही असे लोक आले की ज्यांच्या प्रोफाइलवर ना फोटो ना नाव. त्याचं उत्तर द्या.

कोरी_वही: बूस्ट राहू द्या बाजूला. खरं दुखणं काम देणाऱ्यांचं आहे. दहा हजार फॉलोअर नसतील तर चित्र न बघता नकार देतात. मला एकानं सरळ विचारलं, ‘आकडा किती?’ मी काय रंगवते हे विचारलंसुद्धा नाही. मग कुणी आकडा विकत आणला तर दोष एकट्या त्याच्याच माथी का?

तिसरी_घंटा: शंभर टक्के! आकडा मागणाऱ्याला कुणी अडवत नाही.

आडवाट: मागणाऱ्यांचाही दोष आहे, मान्य. पण आता त्यातले बरेच जण Insights चा स्क्रीनशॉट मागतात. फॉलोअर कोणत्या देशातले, किती जणांपर्यंत पोस्ट पोचली, सगळं त्यात दिसतं. विकतचा आकडा तिथेच उघडा पडतो.

कोरी_वही: मागतात ते मोठे. छोटे नाही मागत. तुम्ही मोठ्यांची खाती सांभाळता, म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतं. आमच्या जागी येऊन बघा आणि मग शिकवा.

आडवाट: मी छोट्यांचीच सांभाळतो. माहिती नसताना माझ्यावर घसरू नका.

गणकयंत्र: दोघेही थांबा. आडवाट, टक्केवारीचा हिशेब बरोबर आहे. पण ‘मेलेले फॉलोअर पोस्टची पोच खातात’ असं जे सगळीकडे सांगतात ते मला पटत नाही. जो अॅप उघडतच नाही त्याच्यापुढे पोस्ट जाणार कशी? मला ग्रुप जास्त घातक वाटतो. रेघोट्याताई, तुमच्या ग्रुपमध्ये चित्रं आवडणारे किती होते? व्यायामवाले, गाड्यांचे शौकीन, पाककृतीवाले असतील. तुमच्या चित्रांवर त्यांचे लाइक पडत राहिले तर पुढची पोस्ट तशाच लोकांपुढे जाते, आणि ते न थांबता पुढे सरकतात.

आडवाट: ग्रुपचं पटलं. पोच खाण्याचं नाही. विकतची सगळी खाती बंद नसतात, बरीच यंत्रानं चालवलेली असतात आणि अॅपमध्ये वावरतात.

सावलीतली: मी तर एकही फॉलोअर विकत घेतला नाही, तरी एका रात्रीत शेकडो परकी खाती चिकटली. मलाही शिक्षा होणार का?

आडवाट: नुसतं कुणी येऊन चिकटलं म्हणून घाबरू नका. तुमचा पासवर्ड कुणाकडे नाही ना, तुमच्या नावानं कुठे लाइक पडत नाहीत ना, एवढं बघा. खातं व्यावसायिक असेल तर ते वैयक्तिक करून काही दिवस खाजगी ठेवा, म्हणजे नवे येणारे तुमच्या परवानगीशिवाय आत येणार नाहीत. आलेल्यांना Remove करा.

रेघोट्या: फॉलोअर घेताना मीही पासवर्ड दिला होता. त्यांनी मागितला.

आडवाट: मग पहिलं काम तेच. नोव्हेंबर 2018 मध्ये इन्स्टाग्रामनं असे खोटे लाइक, फॉलो आणि कमेंट काढायला सुरुवात केली, तेव्हाही संबंधितांना पासवर्ड बदलायलाच सांगितलं होतं. कारण अशा सेवा तुमच्या खात्यातून दुसऱ्या गिऱ्हाइकांना लाइक आणि फॉलो देतात. तुम्ही झोपलेल्या असताना तुमचं खातं तिकडे राबत असतं.

पासवर्ड बदला. Accounts Center मध्ये Where you're logged in बघून अनोळखी उपकरणं बाहेर काढा. Apps and websites मधल्या परवानग्या काढून घ्या आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. ग्रुप सोडा. मग अडवणूक असेपर्यंत लाइक-फॉलो करूच नका. सुटलं का म्हणून तासातासाला दाबून बघतात, त्यानं ती लांबते असा माझा अनुभव आहे.

विकतचे फॉलोअर हातानं काढा, रोज थोडे थोडे. ‘साफसफाई’ करून देणाऱ्या अॅपला चुकूनही लॉगिन देऊ नका. पुन्हा पासवर्ड परक्याकडे आणि पुन्हा यंत्राची हालचाल, म्हणजे ज्याच्यासाठी अडकलात तेच परत.

तिसरी_घंटा: दहा हजार हातानं? सांगणाऱ्याचं काय जातं!

गणकयंत्र: सगळे काढायची गरज नाही पडणार. कंपनी स्वतःही झाडते. डिसेंबर 2014 च्या झाडलोटीत बड्या कलाकारांचे लाखो फॉलोअर गेले होते. आकडा आपोआप घसरला तर विकणाऱ्याकडून ‘भरपाई’ मात्र घेऊ नका, ते फुकटात नवी खोटी खाती टाकतात.

रेघोट्या: आणि Account Status मध्ये पुनर्विचाराची विनंती करता येते तिचं काय? दाद मागू?

आडवाट: तो पर्याय दिसत असेल तर मागा, पण साफसफाई झाल्यावर. आणि ‘मी काहीच केलं नाही’ असं लिहू नका. सुधारतंय की नाही ते Insights मध्ये कळेल. पोस्ट बघणाऱ्यांत फॉलोअर किती आणि बाहेरचे किती, ते वेगळं दाखवतात. बाहेरच्यांचा वाटा वाढायला लागला की समजा सुटायला लागलं. तारीख कुणी देऊ शकत नाही, देणारा तुम्हाला काहीतरी विकतोय.

कोरी_वही: नवं खातं काढलेलं बरं. जुन्यावर डाग लागला तो लागलाच.

गणकयंत्र: आणि साडेतीन हजार खरी माणसं सोडून द्यायची? ती परत कशी गोळा करणार?

कोरी_वही: ज्यांना चित्रं आवडतात ती येतील मागे.

आडवाट: सगळी येत नाहीत. मी हे होताना पाहिलंय.

रेघोट्या: पासवर्ड बदलला, ग्रुप सोडला. यादीत माझ्याच नावानं फॉलो केलेली ढीगभर खाती सापडली, त्यातलं एकही माझं नाही. ती आधी काढते. नव्या खात्याचं नंतर बघू. पण आकडा मागणाऱ्यांचा मुद्दा कोरी_वहीचाच बरोबर आहे, तिथे मी मागे हटणार नाही.