एका ऑर्डरचे पैसे दोनदा गेले, तेव्हा दुकानाला लिहिलेलं पत्र – तुमचे अनुभव सांगा

निशिगंध
आज सकाळी आईचा मिक्सर चटणी वाटता वाटता बंद पडला. वॉरंटीसाठी बिल शोधायला जुन्या मेल उघडल्या आणि बिलाच्या खालीच ते पत्र सापडलं. वाचताना पोटात पुन्हा तसाच गोळा आला.

मिक्सर २,८९९ रुपयांचा. यूपीआयने पैसे भरले आणि पान नुसतं फिरत राहिलं. बँकेचा मेसेज यायच्या आत मी मागे जाऊन पुन्हा भरले. ८.४२ ला एकदा गेले, ८.४५ ला परत गेले. ऑर्डर एकच. महिनाअखेर होती, खात्यात सहाशेच्या आसपास उरले.

दुकानाच्या हेल्पलाइनवर "सात दिवस थांबा, आपोआप येतील". थांबले, आले नाहीत. बँक म्हणाली, दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत, दुकानाला विचारा. दुकान म्हणालं, आमच्याकडे या ऑर्डरवर एकच पेमेंट दिसतंय. चार फोन केले, चारही वेळा पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी पत्र लिहिलं आणि पाचव्या दिवशी पैसे आले. तुमचं काय झालं होतं?

अप्पा_सातारकर
पत्राची गरजच नव्हती. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर पुढे रोज १०० रुपये भरपाई. तुम्ही बँकेकडेच धरून बसायला हवं होतं.

गोकर्ण
वीजबिल दोनदा भरलं होतं मी. परत नाही मिळालं, पुढच्या बिलात वळतं झालं. उन्हाळ्यात बरंच वाटलं. कुकर लावलाय, नंतर येते.

ताळेबंद
अप्पा, नियम बरोबर आहे पण तो या प्रकाराला लागत नाही. मी अकरा वर्षं पेमेंटचा हिशोब जुळवायच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो नियम फसलेल्या व्यवहाराचा. तुमच्या खात्यातून पैसे गेले पण दुकानाच्या सिस्टिमला पोचपावती मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत उलटवायचे. निशिगंधताईंचे दोन्ही व्यवहार यशस्वी होते, म्हणजे पैसे पलीकडे पोचले होते. अशा वेळी बँकेकडे उलटवायला काही उरत नाही, पैसे दुकानाच्या बाजूला असतात.

मग दुकानाला एकच का दिसतं? बहुतेक वेळा असं होतं की पहिल्या पेमेंटची खबर उशिरा पोचते. तोवर दुसऱ्या पेमेंटवर ऑर्डर पक्की झालेली असते. पहिलं पेमेंट मग कुठल्याच ऑर्डरला न चिकटता गेटवेच्या, म्हणजे मधल्या पेमेंट कंपनीच्या, यादीत पडून राहतं. फोनवरची मुलगी ऑर्डर नंबर टाकून बघते, तिला खरंच एकच दिसतं. ती खोटं बोलत नसते. त्या पडून राहिलेल्या रकमेपर्यंत पोचायला ऑर्डर नंबर कामाचा नाही, व्यवहाराचा बारा आकडी नंबर लागतो. ताई, तुमच्या पत्रात तो होता का?

निशिगंध
हो, तोच तर होता! फोनवर कुणी मागितलाच नव्हता. मूळ इंग्रजीत होतं, मराठी करून टाकते.

"विषय: ऑर्डर क्र. … साठी रक्कम दोनदा वळती, एक परत मिळण्याबाबत.
या एकाच ऑर्डरसाठी माझ्या खात्यातून दोन वेळा प्रत्येकी २,८९९ रुपये गेले आहेत.
पहिला व्यवहार: रात्री ८.४२, क्र. …, यशस्वी.
दुसरा व्यवहार: रात्री ८.४५, क्र. …, यशस्वी.
ऑर्डर दुसऱ्या व्यवहारावर नोंदली गेली आहे. कृपया पहिल्या व्यवहाराची रक्कम त्याच खात्यात परत करावी. ऑर्डर रद्द करू नये, वस्तू मला हवी आहे. परताव्याचा संदर्भ क्रमांक कळवावा. सोबत खातेउताऱ्याचं पान जोडलं आहे."

तक्रार निवारण अधिकाऱ्याचा मेल वेबसाइटच्या अगदी तळाशी होता, तिथे पाठवलं.

चकली_भाजणी
"ऑर्डर रद्द करू नये" हे सोन्यासारखं वाक्य आहे गं! मी नुसतं "दोनदा पैसे गेले, परत करा" लिहिलं. त्यांनी ऑर्डरच रद्द करून तिचे पैसे पाठवले, जास्तीचे तिथेच राहिले. भाच्याच्या मुंजीचं चांदीचं ताम्हन होतं. मुंज परवावर. रडू आलं होतं मला.

निशिगंध
अगं बाई! मग ताम्हन?

चकली_भाजणी
जाऊबाईंचं घेतलं घासून. इतकं लखलखत होतं की सगळ्यांना नवंच वाटलं. जास्तीचे पैसे दुसऱ्या पत्रानंतर आले.

रानजाई
मी कॅश ऑन डिलिव्हरीच घेते. पण डिलिव्हरीवाल्याकडे सुट्टे कधीच नसतात, त्याचं काय करायचं?

पैठणकर
पत्र पाठवायच्या आधी उतारा नीट बघा, ही माझी कळकळीची विनंती. मी तावातावाने तीन मेल केले. पैसे तिसऱ्याच दिवशी आले होते. त्याचा मेसेज आलाच नव्हता, आणि उताऱ्यात ती जमा दहा ओळी वर, वेगळ्या तारखेला होती. क्रेडिट कार्डाचं तर आणखी निराळं. कधी कधी रक्कम नुसती अडकवून ठेवलेली असते, ती सुटली की जमेची ओळ येतच नाही, 'पेंडिंग'मधून नाहीशी होते.

ताळेबंद
पैठणकर, अगदी बरोबर. आणि उताऱ्यात बऱ्याचदा दुकानाऐवजी गेटवेचं नाव असतं, म्हणून दुकानाचं नाव शोधत बसू नका. रक्कम आणि वेळ धरून शोधा. उतारा जोडताना त्या दोन ओळी ठेवून बाकी झाका. पगार, हप्ते त्यांना दाखवायचं कारण नाही.

सुगरण_नागपूर
माझ्या सासऱ्यांचं सांगते, वाचाच. त्यांचे १,१५० दोनदा गेले. त्यांनी हेल्पलाइनचा नंबर गूगलवर शोधला, वर जो आला त्याला फोन लावला. समोरचा अगदी गोड बोलला, "बाबा, परताव्यासाठी एक ॲप घ्या, मग पिन टाका". मी भाकरी टाकत होते, 'पिन' शब्द ऐकला आणि पीठ लागलेल्या हातानेच फोन ओढून घेतला. पैसे परत यायला पिन लागत नाही हो! नंबर दुकानाच्या ॲपमधूनच घ्या.

अप्पा_सातारकर
सूनबाई, शाब्बास. हे मी आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर टाकतो.
ताळेबंद, तुमचं पटलं, पण एक शंका आहे. दुकानाने पैसे महिनाभर वापरले तर त्याची भरपाई कोणी द्यायची?

ताळेबंद
अप्पा, रोजचे १०० इथे मागता येत नाहीत असं माझं मत. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा, असं आहे. महिना उलटला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. रिझर्व्ह बँकेचे लोकपाल बँकेच्या चुकीसाठी, दुकानाविरुद्ध तिथे दाद नाही.

कोर्टपायरी
मला नाही पटत. दुसऱ्याचे पैसे विनाकारण ठेवून घेणं ही सेवेतली त्रुटीच. ग्राहक आयोगात व्याज मागता येतं, मागावंच.

ताळेबंद
मागता येईल, पण २,८९९ साठी कोण जातंय? म्हणूनच त्यांचं फावतं.

कोर्टपायरी
मी गेलेय. तारीख पुढच्या महिन्यात आहे. झालं की इथेच लिहीन.

गोकर्ण
कुकर झाला. निशिगंध, मिक्सर फिरत नाही का मुळीच? खाली लाल बटण असेल, ओव्हरलोडचं. थंड झाल्यावर दाबून बघ.

निशिगंध
गोकर्ण!! फिरला! आई म्हणतेय, तिला चटणीला बोलाव.