मदत हवी आहे: पहिले क्लाइंबिंग शूज, बोटं किती दुमडलेली चालतात?

कळंब्याचा_कडा: चार महिने उसन्या शूजवर कातळ चढतोय. कोल्हापुरात घालून बघायला मिळाले नाहीत, म्हणून ऑनलाइन दोन जोड मागवलेत. एक परत करायचाय. रोजचा बूट ४२. पहिला जोड ४१, सपाट, बिनअस्तराचं चामडं. बोटं पुढं टेकून जराशी दुमडतात, पंधरा मिनिटांनी नकोसं होतं. दुसरा ४०, सिंथेटिक, टोक चांगलंच खाली वळलेलं. त्यात अंगठ्याचं पेर वर उचललं जातं, पाच मिनिटांत अंगठा बधिर. मित्र म्हणतो, दुखल्याशिवाय पकड येत नाही. खरंय का?

गडवेडा: भावा, एक नंबर मोठाच घे. उतरताना नखं काळी पडतात. मी जाड मोजे घालतो.

कळंब्याचा_कडा: दादा, ट्रेकिंगचे नव्हेत, चढाईचे.

चप्पललाईन: कोल्हापूरकर असून विचारतोस? नवी कोल्हापुरी चावतेच, तेल पाजलं की पायाची होते. ४० ठेव, सैलावेल.

दोरवाला: चामड्याचं बरोबर, पण ते ४१ ला लागू. बिनअस्तराचं चामडं वापरून सैलावतं, जास्त करून रुंदीत. सिंथेटिक फार कमी सैलावतं, म्हणजे ४० आज जसा आहे जवळपास तसाच राहणार. आणि बधिरपणा म्हणजे नस दाबली जातेय, ती सवयीनं सुटत नाही. दाब सगळीकडून सारखा असेल तर चालतो. एकाच पेरावर किंवा टाचेमागच्या शिरेवर टोचत असेल तर तो आकारच तुझ्या पायाचा नाही.

टोक वळवतात ते सगळा जोर अंगठ्यावर यावा आणि बाहेर झुकलेल्या भिंतीवर पाय धरून ठेवता यावा म्हणून. तू तिरक्या कातळावर चढत असशील तर तिथं तळवा पसरून रबर घासून उभं राहावं लागतं. वळलेला शूज तिथं उलट नडतो.

संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, मोजे न घालता ४१ घाल. उंबऱ्याच्या काठावर फक्त अंगठ्यावर उभा राहा. परत करायचा असेल तर उंबरा आधी पूस. पाय आत सरकला तर मोठा. न सरकता पंधरा मिनिटं निघाली तर नेमका. चढून झालं की दर वेळी काढायचाच, घालून बसायचं नाही.

कळंब्याचा_कडा: केलं. उजवा पाय हलत नाही. डाव्या टाचेत मात्र हवा राहते, दाबलं की पुसकन आवाज येतो.

दोरवाला: डावा पाय लहान असेल. सपाट शूजमध्ये एवढं मी चालवून घेईन, पण चामडं सैलावल्यावर ती पोकळी वाढेल. साडेचाळीस मिळतो का बघ.

चप्पललाईन: मग उजव्याचं काय?

दोरवाला: तीच तर गोम आहे. माझ्या उजव्या टाचेत अजूनही हवा आहे. टाच अडकवून ओढायची वेळ आली की शूज निसटतो.

कळंब्याचा_कडा: ४० परत पाठवतोय. साडेचाळीस मागवलाय, आल्यावर दोन्ही घालून इथंच लिहितो.