मदत हवी आहे: कड्याच्या फोटोतला काळ कसा मोजायचा?

स्कॉटलंडमधल्या सिकार पॉइंटच्या कड्याचा फोटो मुलांना समजावून सांगायचा आहे. खाली ग्रेवॅक या राखाडी, कठीण वालुकाश्माचे थर जवळजवळ उभे आहेत, साधारण 43.5 कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्या झिजलेल्या टोकांवर लाल वालुकाश्म तिरका टेकलाय, तो सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे मधल्या एका रेषेत साडेसहा कोटी वर्षं गेली: आडवे थर उभे झाले, समुद्राबाहेर आले, झिजले. 1788 मध्ये भूवैज्ञानिक जेम्स हटनने ही जागा पाहिली, ती याच रेषेसाठी गाजली.

मुलं मात्र थर मोजून वर्षं काढू पाहतात. ते जमणार नाही, कारण ग्रेवॅकचा जाड थर समुद्रतळावरच्या गढूळ लोंढ्याने काही तासांत किंवा दिवसांत बसू शकतो, आणि त्यावरचा पातळ चिखल साचायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. जाडी आणि काळ यांचा मेळच बसत नाही.

अडचण अशी, की दोन खडकांमधली ही रेषा म्हणजे प्रस्तरभंग, म्हणजे खडक सरकून पडलेली भेग नाही, हे नुसत्या फोटोवरून कसं दाखवू? लाल खडकाच्या तळाशी ग्रेवॅकचे तुकडे अडकलेले दिसतात. तेवढा पुरावा पुरेल का? आणखी काय बघायला सांगू?