नोटीस पिरियडमध्ये ऑपरेशन आणि ठरलेली शेवटची तारीख : तुमचे अनुभव सांगा

बडोदेकरीण (धागाकर्ती)
राजीनामा दिलाय, शेवटची तारीख ठरलीय आणि मधल्या काळात ऑपरेशन करून घ्यायचंय, अशा वेळी तुम्ही काय केलंत ते इथे लिहा. अचानक अॅडमिट व्हावं लागलं असे अनुभव नकोत. चार-आठ दिवस पुढेमागे करता येतं पण महिनोन्‌महिने टाळता येत नाही, असं ऑपरेशन डोळ्यांसमोर आहे.

माझ्या पित्ताशयात खडे आहेत, दोनदा जोरात दुखून गेलं. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून काढू, एक-दोन रात्री राहावं लागेल. नोटीस ६० दिवसांची आहे आणि नव्या ठिकाणी रुजू व्हायची तारीख त्याला लागूनच आहे, त्यामुळे इकडची तारीख सरकली की तिकडचं सगळं बिघडतं. एचआर तोंडी म्हणतात, ‘नोटीसमध्ये रजा घेतलीत तर तितके दिवस पुढे जातील.’ आजारपणाच्या रजेलाही हेच लागू होतं का, आणि मेडिक्लेम कधीपर्यंत चालतो, हे मला मुख्यतः कळायला हवंय.

रावपुरेकर
ताई, मेडिक्लेमची काळजी करू नका. कंपनीची पॉलिसी वर्षाची असते आणि तिचा हप्ता आधीच भरलेला असतो. राजीनामा दिला तरी पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत तुमचं नाव त्यात राहणार. सावकाश नोकरी सोडा, मग ऑपरेशन करा.

जुने एचआर काका
रावपुरेकर, पॉलिसी वर्षाची असते हे खरं. पण माणूस गेला की कंपनी त्याचं नाव कमी करण्याच्या यादीत घालते आणि उरलेल्या काळाचा हप्ता तिला विमा कंपनीकडून परत किंवा वळता मिळतो. बहुतेक ग्रुप पॉलिसींत कव्हर शेवटच्या दिवशीच संपतं. यादी महिन्यातून एकदा जात असेल तर नाव आणखी थोडे दिवस पोर्टलवर दिसतं, आणि लोक तिथेच फसतात. कार्ड दिसतंय म्हणून अॅडमिट होतात, क्लेम मात्र नोकरी सुटल्याच्या तारखेवर अडतो.

धागाकर्ती ताई, मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात आणि पुढे एका ऑफिसात मिळून बरीच वर्षं हेच काम केलं. आमच्याकडच्या एका मुलाची गोष्ट सविस्तर सांगतो, त्यात तुमचे दोन्ही प्रश्न येतात.

त्याला मूत्रनलिकेत खडा होता. राजीनामा २ जूनला दिला, ६० दिवस धरून शेवटची तारीख ३१ जुलै. यूरॉलॉजिस्टनी दुर्बिणीतून खडा काढायचं ठरवलं. अशा ऑपरेशननंतर मूत्रनलिकेत पुष्कळदा एक बारीक नळी ठेवतात, डीजे स्टेंट म्हणतात तिला, आणि ती काही आठवड्यांनी काढावी लागते. म्हणजे दवाखान्यात दोनदा जायचं. पहिली तारीख सगळे विचारतात, दुसरी कुणी विचारत नाही. त्याला तारीख मिळत होती जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली. मी म्हटलं, तसं केलंस तर नळी ऑगस्टमध्ये निघेल आणि तेव्हा तू ना इथला ना तिथला.

मग आम्ही ३१ जुलैपासून उलटं मोजत आलो. शेवटचा आठवडा हँडओव्हर, लॅपटॉप परत करणं आणि नो-ड्यूजच्या सह्यांसाठी मोकळा ठेवला. त्याच्या आधी बिलांची फाईल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेकडे, पोचायला हवी. त्याच्या आधी नळी निघायला हवी, तीही एखादा आठवडा पुढे गेली तरी चालेल अशा बेताने. असं मागे येत येत ऑपरेशन २० जूनवर आलं. २२ ला घरी सोडलं, पुढच्या आठवड्यात तो टेबलावर हजर झाला आणि ८ जुलैला नळी निघाली. सकाळी गेला, दुपारी घरी.

आता रजेचं. नोटीसमधली रजा तितके दिवस पुढे ढकलते, हे बहुतेक ठिकाणी कंपनीच्या नियमातून किंवा नेमणूक पत्रातल्या कलमातून येतं. म्हणून आधी ते कलम वाचा. काही पत्रांत फक्त हक्काच्या रजेचं नाव असतं, काहींत ‘कोणतीही रजा’ असं लिहिलेलं असतं. पहिल्या प्रकारात सर्टिफिकेट जोडून आजारपणाची रजा घेतली तर तारीख हलायचं कारण नाही. दुसऱ्या प्रकारात साहेबांकडून अपवाद मागावा लागतो आणि तो लेखीच हवा. शिल्लक आजारपणाची रजा पुरत नसेल तर उरलेले दिवस बिनपगारी दाखवायचे की तितक्या दिवसांचा नोटीस पगार कापून घ्यायचा, हेही त्याच मेलमध्ये ठरवून घ्या.

या मुलाने मेल केली, होकार आला, तरी गडबड झालीच. सिस्टीममध्ये रजा भरताना साहेबांच्या सांगण्यावरून प्रकार ‘हक्काची रजा’ असा पडला आणि सेपरेशनच्या स्क्रीनवर ३१ जुलैचं ४ ऑगस्ट झालं. कुणी काही कळवत नाही, तारीख आपोआप बदलते. रजा मंजूर झाली की ती स्क्रीन उघडून बघा. त्याने बघितली, जुनी मेल जोडून तक्रार टाकली आणि प्रकार बदलून तारीख परत आणून घेतली. जुलैअखेर लक्षात आलं असतं तर रिलीव्हिंग लेटरवर ४ ऑगस्टच छापून आलं असतं.

मांजलपूरची सून
काकांनी ‘दुसरी तारीख’ म्हटलं ते अगदी पटलं. माझ्या पॉलिसीत सासूबाईंचं नाव होतं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नोटीसमध्ये छान झालं, त्याच दिवशी घरी. दुसरा डोळा डॉक्टर नंतर करतात हे माहीत होतं, पण ते नंतर माझ्या शेवटच्या तारखेच्या पलीकडे पडलं. नव्या कंपनीच्या पॉलिसीत आईवडील, सासूसासरे नव्हते. दुसऱ्या डोळ्याचे पैसे आम्ही घरून भरले. लेन्स कोणती घालायची यावरून घरात झालेली चर्चा वेगळीच!

गोत्री_रोड
माझं हर्नियाचं ऑपरेशन ईएसआयमधून, गोत्रीच्या हॉस्पिटलात झालं. पगार एकवीस हजारांच्या आत, त्यामुळे मेडिक्लेम वगैरे काही नाही. आमच्याकडे गणित निराळं चालतं. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जे कापलं जातं त्याच्यावर पुढच्या जानेवारी ते जूनचा फायदा मिळतो. मी मार्चमध्ये सुटणार होतो, तरी जूनपर्यंत कार्ड चालेल असं शाखा कार्यालयात सांगितलं आणि तसं ते चाललंही. म्हणून मला घाई नव्हती, तरी मी आधीच केलं, कारण नव्या जागी पहिल्याच महिन्यात रजा मागायला नको वाटलं.

अडचण वेगळीच आली. माझं काम माल उचलायचं. जाळी बसवल्यावर डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलू नका म्हणून लिहून दिलं. सुपरवायझर म्हणाला, मग कामावर घेता येणार नाही, पूर्ण फिट झाल्यावर या. म्हणजे नोटीस भरणार कशी? शेवटी डॉक्टरांकडून ‘हलकं काम करू शकतो’ असं लिहून आणलं आणि उरलेले दिवस स्टोअरमध्ये बसून नव्या मुलाला रजिस्टर शिकवलं. तारीख पाळली गेली. अंगमेहनतीचं काम असेल त्यांनी ऑपरेशनआधीच विचारून ठेवा की परत आल्यावर बसायचं काम देणार का.

अलकापुरी९
मी तारीख एक महिना पुढे ढकलून घेतली होती, एचआरनी लगेच मान्य केलं. मेडिक्लेमही चालू राहिला. अर्ज कसा लिहायचा ते हवं असेल तर सांगतो.

बडोदेकरीण
अलकापुरी९, आभारी आहे, पण मला तारीख जिथे आहे तिथेच ठेवायची आहे. पुढची नोकरी थांबणार नाही.

अलकापुरी९
अच्छा, उलटं वाचलं मी. मग नव्या कंपनीतच का करत नाही? ग्रुप पॉलिसीत पहिल्या दिवसापासून जुने आजारही चालतात.

जुने एचआर काका
पुष्कळ ग्रुप पॉलिसींत चालतात, सगळ्यांत नाही. शिवाय नाव चढून कार्ड हातात येईपर्यंत काही दिवस जातात आणि प्रोबेशनमध्ये आजारपणाची रजा किती मिळते हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. एकदा दुखून गेलेलं पित्ताशय तेवढं थांबेल की नाही, हे सर्जननी सांगायचं.

मांजलपूरची सून
मला अलकापुरी९ यांचंही पटतं. नव्या ठिकाणी रजेची अडचण नसेल तर निदान हँडओव्हरच्या धावपळीत टाके सांभाळायला नकोत.

स्टेंटवाला
काकांच्या मुलासारखीच नळी माझ्याही पोटात होती, म्हणून शरीराचं सांगतो. ऑफिसात बसता येतं, पण सारखं लघवीला जावं लागतं, जळजळ होते, आणि रोजच्या स्कूटरच्या प्रवासानंतर लघवी लालसर व्हायची. डॉक्टर म्हणाले, एवढं चालतं, पाणी भरपूर प्या. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र लगेच या. नोटीसमध्ये घरून काम मागायचं असेल तर या दिवसांसाठी मागा, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी मागू नका. त्या दिवसांत काम होतच नाही, आणि लॅपटॉप उघडून बसलं की रजाही बुडते.

आणखी एक. टीपीएच्या पोर्टलवर माझा ऑफिसचा ईमेल होता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो बंद झाला आणि ‘एक कागद कमी आहे’ ही त्यांची मेल त्याच बंद पेटीत जाऊन पडली. घरचा ईमेल आणि मोबाइल आधीच घालून ठेवा. पैसे कुठल्या खात्यात जमा होणार तेही बघा.

बडोदेकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पत्र काढून वाचलं. कलमात ‘हक्काची रजा’ एवढंच आहे, आजारपणाचा उल्लेख नाही. त्यावर बोट ठेवून मेल केली : अमुक तारखेला अॅडमिट, सर्जनचं पत्र सोबत, इतके दिवस आजारपणाची रजा, शेवटची तारीख आहे तीच राहील याला होकार कळवावा. साहेबांनी लगेच होकार दिला, एचआरनी ‘प्रकार आजारपण असाच भरा’ असं उत्तर दिलं. सर्जनना दुसरी खेप विचारली. ते म्हणाले, टाके आणि बायोप्सीचा रिपोर्ट दाखवायला एकदा यायचं, बाकी काही नाही. कॅशलेसची मंजुरी आधी घ्यावी लागते, म्हणून हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर कागदही देऊन आले.

एक शंका उरली आहे. घरी सोडल्यानंतरच्या औषधांचं आणि तपासण्यांचं बिल साठ दिवसांपर्यंत मिळतं असं पॉलिसीत आहे. त्यातले थोडे दिवस माझ्या शेवटच्या तारखेनंतर येतात. ते मिळतील का?

जुने एचआर काका
इथे मी दोन्ही प्रकार पाहिलेत. एका विमा कंपनीने दिले, कारण मूळ क्लेम कव्हर असतानाचा होता. दुसरीने शेवटच्या तारखेनंतरची बिलं काढून टाकली. टीपीएला मेल करून लेखी विचारा. आणि रिपोर्ट दाखवायची खेप शेवटच्या तारखेच्या आत घ्या, म्हणजे मोठा खर्च तरी अलीकडे पडेल.

रावपुरेकर
काका, एखादा शेवटच्या दिवशी अॅडमिट झाला आणि दोन दिवसांनी घरी आला तर?

जुने एचआर काका
काही पॉलिसींत अॅडमिट झाल्याची तारीख धरतात. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

गोत्री_रोड
ताई, सर्जनकडून फिटनेस सर्टिफिकेट घ्याल तेव्हा त्याच्यावर ‘अमुक तारखेपासून कामावर’ असं स्पष्ट लिहून घ्या. माझ्यावर नुसतं ‘फिट’ लिहिलं होतं आणि हजेरीवाल्याने ती तारीख पुढची धरली.