मदत हवी आहे: क्यूआर व्हेरिफाय होतोय पण बिलाची रक्कम वेगळी, ठेवायचं का परत पाठवायचं?

नमस्कार मंडळी, भोसरीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, पर्चेस मीच बघतो. एका सप्लायरचं ई-इनव्हॉइस आलंय, छापील रक्कम १,२३,९००, पण एनआयसीच्या व्हेरिफायर अ‍ॅपने क्यूआर स्कॅन केला तर त्यात १,१८,०००. दोघांचा जीएसटीआयएन, बिल नंबर, तारीख सगळं जुळतंय, ६४ अक्षरी आयआरएन पण तोच, आणि पोर्टलवर 'Search IRN' मध्ये टाकला तर स्टेटस अ‍ॅक्टिव्ह. (साध्या स्कॅनरने नुसती eyJ ने सुरू होणारी लांबलचक अक्षरं दिसतात, त्यावरून काय कळणार!)

सप्लायर म्हणतो, "साहेब, नंतर ५,००० भाडं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, क्यूआर जुनाच चालतो." मला नाही पटत, कारण पोर्टलवर नोंद १,१८,००० चीच आहे, म्हणजे आमच्या टू-बी मध्ये पण तेवढीच येणार ना. २४ तास उलटून गेलेत, आता आयआरएन कॅन्सल होत नाही, आणि कॅन्सल झाला असता तरी तोच बिल नंबर परत रजिस्टर होत नाही.

म्हणून मूळ १,१८,००० चं बिल घ्यायचं आणि ५,९०० ची वेगळी डेबिट नोट, तिच्या स्वतःच्या आयआरएनसकट मागायची, हे बरोबर आहे का? कोणी असं केलंय का? पेमेंट तोवर थांबवलंय.