तहान, विहीर आणि शंभर शब्द: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सावंत वहिनी: नमस्कार. सोसायटीच्या कामाखेरीजचा विषय मांडते आहे, त्याबद्दल कोणी राग मानू नये. आमच्या धाकट्याला आठवीच्या वर्गात कल्पनाविस्तार लिहिण्यास दिला आहे. म्हण आहे ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ आणि मर्यादा शंभर शब्दांची. त्याने शब्द पूर्ण भरले, शुद्धलेखनही बरे आहे, तरी वहीवर ‘विषय सोडून लिहिले आहे’ असा शेरा मिळाला. मला त्यात चूक सापडत नाही. पेडणेकर बाई, आपण मराठी शिकवत होतात, म्हणून आपल्याला विचारते. त्याच्या परिच्छेदाची सुरुवात अशी आहे: ‘पाणी हे जीवन आहे. कोकणात भरपूर पाऊस पडतो, पण एप्रिल-मे महिन्यांत विहिरी आटतात आणि टँकर मागवावे लागतात. म्हणून प्रत्येकाने पाणी जपून वापरले पाहिजे. पावसाचे पाणी अडवले पाहिजे. झाडे लावली पाहिजेत.’ पुढेही साधारण असेच आहे.

पेडणेकर बाई: वहिनी, शेरा योग्य आहे, पण तेवढ्या शेऱ्यावरून मुलाला काहीच कळणार नाही, हेही खरे. त्याचे प्रत्येक वाक्य खरे आहे आणि त्यांपैकी एकही या म्हणीचे नाही. म्हणीत विहीर दिसली आणि मुलगा विहिरीच्या मागे गेला. म्हणींच्या विस्तारात सर्वांत जास्त गुण याच कारणाने जातात. म्हण एक चित्र दाखवते आणि त्या चित्राआडून एक विचार सांगते. विस्तार त्या विचाराचा करायचा असतो. आपल्या भागात मे महिन्यात पाण्याचे हाल होतातच, त्यामुळे येथील मुलांना ही म्हण अधिकच फसवते.

मुकादम काका: बाई, एक शंका आहे. पाण्याचेच उदाहरण दिले तर बिघडले कुठे? एखाद्याने खरोखरच मे महिन्यात विहीर खणायला घेतली आणि ती कोरडीच राहिली, तर ते या म्हणीला अगदी चपखल बसणारे उदाहरण नव्हे का?

पेडणेकर बाई: काका, ते चूक ठरणार नाही, पण त्याने काही साधतही नाही. उदाहरणाचे काम विचार चित्राबाहेर काढून दुसरीकडे लागू करून दाखवण्याचे असते. चित्र आणि उदाहरण एकच झाले, तर मुलाला म्हण कळली आहे की नुसती पाठ आहे, हे परीक्षकाला समजायला मार्ग राहत नाही.

वहिनी, आज संध्याकाळी त्याला वही मिटून समोर बसवा आणि लिहिण्याआधी तोंडी तीन गोष्टी विचारा. पहिली, तहान म्हणजे येथे काय? उत्तर यायला हवे: टाळता न येणारी आणि थांबायला वेळ नसलेली गरज. दुसरी, विहीर म्हणजे काय? पुष्कळ दिवस लागणारी तयारी. तिसरा प्रश्न मुले हमखास सोडतात, तो असा की या म्हणीत दोष नेमका कशाला दिला आहे. विहीर खणण्याला नाही. ते तर चांगलेच काम आहे. दोष ‘लागल्यावर’ खणण्याला, म्हणजे वेळ चुकण्याला आहे. विहिरीला महिने लागतात आणि तहान घटकाभरही थांबत नाही. या दोन काळांतील अंतरावर सगळी म्हण उभी आहे. ते अंतर मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत त्याला पेन देऊ नका.

कदम ताई: आमच्या मुलीची अडचण निराळी आहे. तिला अर्थ बरोबर कळतो, परंतु तीन वाक्यांत तो सांगून झाला की पुढे काय लिहावे हे सुचत नाही. मग ती ‘वेळेवर तयारी करावी, वेळ गेल्यावर उपयोग नसतो, योग्य वेळी योग्य काम करावे’ असे लिहून शब्द भरते. म्हणून मी तिला मार्गदर्शक पुस्तकातील तयार परिच्छेद पाठ करायला लावते.

पेडणेकर बाई: ताई, ती तीन वाक्ये वस्तुतः एकच वाक्य आहे. ओळखण्याची रीत सोपी आहे: एकेक वाक्य बोटाने झाकून उरलेला परिच्छेद वाचावा. काहीच हरवले नाही असे वाटले, तर ते वाक्य भरतीचे समजावे.

भरती टाळायची असेल, तर अर्थ सांगून झाल्यावर ‘माणूस असा का वागतो?’ हे विचारावे. बहुतेक मुले अर्थावरून थेट उपदेशावर उडी मारतात आणि कारण मधल्या मध्ये राहून जाते. विस्ताराला खरी जागा त्या कारणातच असते. येथे कारण असे की, गरज दूर असते तोवर ती टोचत नाही, आणि टोचू लागते तेव्हा तयारीला लागणारा काळ हातात उरलेला नसतो. यातच दोन-तीन सरळ वाक्ये आहेत, आणि ती कोणाची नक्कल नाहीत. त्यानंतर एक उदाहरण, मग परिणाम आणि शेवटी निष्कर्षाचे एक वाक्य. मराठी वाक्य सरासरी बारा ते पंधरा शब्दांचे धरले, तर शंभर शब्दांत सात-आठ वाक्येच मावतात. त्यांतील दोन अर्थाला, दोन कारणाला, दोन उदाहरणाला आणि उरलेली परिणामाला व शेवटाला, असे ढोबळ वाटप आधी ठरवून घ्यावे.

सावंत वहिनी: आताच त्याच्याशी बोलले. तिन्ही उत्तरे त्याने दिली, तिसऱ्याला मात्र बराच वेळ घेतला. उदाहरण म्हणून तो परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारा विद्यार्थी घेतो आहे. चालेल ना?

पेडणेकर बाई: चालेल, पण वर्गातील बहुतेक वह्यांत तोच विद्यार्थी सापडेल. त्याला डोळ्यांसमोरचे काही घेऊ द्या.

मुकादम काका: मिरकरवाड्यात उदाहरणांना तोटा नाही. पावसाळ्यातील मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात. जाळ्यांची दुरुस्ती आणि इंजिनाची कामे त्याच काळात उरकायची असतात. जो ती करत नाही, तो बंदी उठल्यावर फाटके जाळे मांडीवर घेऊन किनाऱ्यावर बसतो आणि बाकीच्यांच्या होड्या मासळी घेऊन परत येत असतात. घराचेही तसेच आहे. मृगाआधी शाकारणी झाली नाही, तर भर पावसात कौलांवर चढायला माणूस मिळत नाही.

पेडणेकर बाई: काका, दोन्ही उत्तम आहेत, पण शंभर शब्दांत एकच घ्यावे. दोन घेतली की प्रत्येकाला अर्धे वाक्य मिळते आणि परिच्छेद यादीसारखा दिसू लागतो. मी जाळ्यांचे घेऊन नमुना लिहिते. वहिनी, हा त्याला उतरवायला देऊ नका. त्याचे लिहून झाल्यावर शेजारी ठेवून पाहा.

‘काही गरजा अचानक येत नाहीत, त्या कधी येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. तरीही गरज दूर असते तोवर तिची तीव्रता जाणवत नाही आणि माणूस तयारी पुढे ढकलत राहतो. मात्र ज्या कामाला महिने लागतात, ते निकड निर्माण झाली म्हणून एका दिवसात पूर्ण होत नाही. मासेमारीची बंदी उठल्याच्या दिवशी फाटकी जाळी दुरुस्त करायला बसणाऱ्याची होडी किनाऱ्यावरच राहते आणि हंगामाचा पहिला आठवडा हातचा जातो. हेच काम बंदीच्या काळात सावकाश झाले असते. उशिरा केलेल्या तयारीत कष्ट तेवढेच, किंबहुना अधिकच पडतात, परंतु त्यांचे फळ गरजेच्या क्षणी हाती येत नाही. म्हणून येणारी गरज ओळखून, ती दूर आहे तोवरच तिची व्यवस्था करणे यालाच दूरदृष्टी म्हणतात.’

हे अठ्ठ्याण्णव शब्द आहेत. यात तहान नाही, विहीर नाही आणि ‘या म्हणीचा अर्थ असा आहे की’ हे सहा शब्दही नाहीत. मुलाच्या लेखनाची पारख करायची असेल, तर म्हण झाकून त्याचा परिच्छेद घरातील दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या आणि ही कोणती म्हण असावी असे विचारा. आधीचा परिच्छेद वाचून कोणीही ‘पाणी वाचवा’ असेच म्हणाले असते.

कदम ताई: आमच्या यजमानांना आपला नमुना वाचून दाखवला. त्यांनी पहिल्या खेपेस ‘वरातीमागून घोडे’ असे सांगितले.

पेडणेकर बाई: तो अंदाज अगदी शेजारचा आहे, आणि म्हणूनच उपयोगाचा. त्या म्हणीत प्रसंग उलटून गेलेला असतो. आपल्या म्हणीत गरज अजून समोर उभी असते आणि माणूस धडपडतही असतो, फक्त ती धडपड पुरी पडत नाही. माझे ‘उशिरा केलेल्या तयारीत’ हे वाक्य तो फरक दाखवण्यासाठीच आहे. तरीही गल्लत झाली, याचा अर्थ ते वाक्य आणखी ठळक करायला हवे.

मुकादम काका: शब्द मोजायचे कसे? आमच्या नातवाने ‘पाण्या साठी’, ‘घरा वर’ असे तोडून लिहिले आहे आणि शब्द वाढल्याचे मोठ्या अभिमानाने सांगतो आहे.

पेडणेकर बाई: ते शब्दही वाढत नाहीत आणि शुद्धलेखनाचे गुणही जातात. ‘पाण्यासाठी’ हा एकच शब्द आहे. शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडूनच लिहायचे. परीक्षेत प्रत्येक शब्द मोजत बसू नये. मधल्या तीन ओळींतील शब्द मोजून सरासरी काढावी. ओळीत आठ शब्द बसत असतील, तर शंभर शब्दांना साडेबारा ओळी लागतील. तेराव्या ओळीपाशी पेन्सिलीने बारीक खूण करून लिहायला बसावे.

ताई, तयार परिच्छेद पाठ करण्यातील खरी अडचण येथेच येते. शंभरऐवजी साठ शब्द मागितले, तर पाठ करणारे मूल सुरुवातीचे साठ शब्द लिहून थांबते आणि परिच्छेद मध्येच तुटतो. रचना ठाऊक असलेले मूल माझ्या नमुन्यातून ‘हेच काम’ हे वाक्य गाळेल, हंगामाच्या आठवड्याचा तुकडा काढेल, कष्टांचे वाक्यही सोडील आणि शेवट ‘म्हणून येणारी गरज आधीच ओळखून तिची व्यवस्था करावी’ एवढाच ठेवील. त्रेसष्ट शब्द उरतात आणि विचार पूर्ण राहतो. कारणाच्या दोन वाक्यांना मात्र हात लावायचा नाही. ती गेली की उरतो तो नुसता अर्थ आणि उपदेश.

सावंत वहिनी: बाई, पुढच्या आठवड्यात त्यांना म्हणीऐवजी ‘श्रमाला पर्याय नाही’ अशी एकच ओळ मिळणार आहे. तेथेही हेच तीन प्रश्न विचारायचे का?

पेडणेकर बाई: नाही, तेथे उलट दिशेने जावे लागते. त्या ओळीत चित्रच नाही, विचार उघडाच दिला आहे. त्यामुळे मुलाला चित्र स्वतः शोधावे लागते, नाहीतर ‘श्रम महान आहेत, श्रमाने यश मिळते’ अशी पोकळ वाक्ये सुरू होतात. त्याला आधी विचारा, श्रमाला लोक पर्याय म्हणून काय काय वापरून पाहतात? नशीब, ओळखपाळख, दुसऱ्याचे उतरवून घेणे, अशी उत्तरे येतील. त्यांतील एक उचलून ते कोठे अपुरे पडते हे त्याने दाखवावे. मर्यादा किती शब्दांची आहे ते कळले की मला सांगा.

सावंत वहिनी: ऐंशी शब्दांची आहे. उतरवून घेण्याचे उदाहरण त्याने ऐकताक्षणी निवडले आहे. वर्गात कोणाकडे पाहून लिहिणार आहे, ते मात्र सांगायला तयार नाही.